काट्यावर ठेवलेली चकती

बफिंगच्या चाकावर धरलेलं मळकट पातेलं बघता बघता आरशासारखं होतं. भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांतल्यासारखा एखादा छोटा कारखाना ‘आमची भांडी अशी बनतात’ म्हणून मोबाइलवर व्हिडिओ टाकू लागला की पहिला मोह याच दृश्याचा होतो. दृश्य देखणं आहे, पण गिऱ्हाइकाची शंका त्याने फिटत नाही, कारण स्वस्त पोलादही तितकंच चकाकतं. घेणाऱ्याला विचारायचं असतं ते वेगळंच: स्टील कोणतं, पत्रा किती जाड आणि भांडं टिकेल ना? या प्रश्नांची उत्तरं पॉलिशच्या आधीच्या कामात सापडतात.

स्टीलपासून सुरुवात करू. 304 या प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेतल्या स्वस्त प्रतींत ते कमी करून मँगनीज वाढवतात. ही भांडीही सर्रास वापरात असतात, पण खारट-आंबट पदार्थ त्यांत रात्रभर राहिले तर डाग आणि बारीक खड्डे पडण्याचा धोका जास्त. दुकानात लोक लोहचुंबक लावून बघतात. मात्र मूळ पत्र्याला दोन्ही प्रतींत चुंबक चिकटत नाही, आणि प्रेसमध्ये ताणल्यावर अस्सल 304 चा काठही थोडा चिकटू शकतो. त्यामुळे चुंबकाचा व्हिडिओ या दोहोंतला फरक सांगत नाही. त्याऐवजी पत्र्यावर चाचणीच्या द्रावाचा थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह द्यावा. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. निकेल नेमकं किती, हे मात्र थेंब सांगत नाही. त्यासाठी गिरणीचं प्रमाणपत्र दाखवावं आणि त्यावरचा हीट नंबर पत्र्याच्या गुंडाळीवरच्या चिठ्ठीशी जुळतो, हे त्याच चित्रणात दिसू द्यावं.

जाडीसाठी वजनकाटा पुरतो. समजा, 30 सेंटिमीटर व्यासाची चकती कापली. पत्रा 0.7 मिलिमीटर असेल तर तिचं वजन सुमारे 390 ग्रॅम भरतं, 0.5 असेल तर जेमतेम 280. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. हीच चकती प्रेसमध्ये दाबली की साधारण 18 सेंटिमीटर रुंद आणि 8 सेंटिमीटर उंच, म्हणजे दोन लिटरच्या आसपासचं पातेलं तयार होतं. काठ छाटला आणि पॉलिश झालं की वजन थोडं घटतं. चकती आणि तयार पातेलं, दोन्ही एकाच काट्यावर ठेवून दाखवली तर गिऱ्हाईक घरी आलेलं पातेलं स्वतःच्या काट्यावर ताडून बघू शकतं. व्हिडिओतला दावा त्याच्या हातात तपासण्याजोगा होतो.

आता टिकाऊपणा. प्रेसमध्ये चकतीची कड घट्ट धरलेली असते. पकड सैल पडली तर भिंतीला सुरकुत्या येतात, फार घट्ट झाली तर तळाजवळ पत्रा फाटतो. हे दोष तिथल्या तिथे दिसतात. खरी फसगत उशिरा तडकण्यात असते. कमी निकेलच्या पत्र्याचं खोल ओढलेलं भांडं प्रेसमधून धड निघतं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी काठापासून खाली उभी चीर जाते. ताणलेल्या पत्र्यात अडकलेला ताण हे त्याचं मोठं कारण. साधारण 1050 अंश सेल्सिअसला भांडं तापवून थंड केलं की तो ताण उतरतो. खर्च वाचवण्यासाठी ही पायरी गाळली जाऊ शकते. म्हणून भट्टी दाखवावीच. शिवाय प्रेसमधून निघालेली भांडी तारीख लिहून आठवडाभर ठेवावीत आणि मग पुन्हा त्यांच्या काठावरून कॅमेरा फिरवावा.

स्टेनलेस स्टीलच्या स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी आयएस 14756 हे मानक आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने अशा भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं ठरलं. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक जवळून दाखवला, तर पाहणारा तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर स्वतः तपासू शकतो.

एक गोष्ट कोणताही व्हिडिओ सिद्ध करत नाही: दाखवलेलं पातेलं आणि पोचलेलं पातेलं एकाच गुंडाळीतलं आहे की नाही. भांड्याच्या तळावर लॉट नंबर ठोकावा आणि चकती कापतानाच्या चित्रणात तोच नंबर दिसावा. त्या लॉटमधली चिरलेली, बाद केलेली पातेलीही मोजून दाखवावीत. भंगाराच्या ढिगात काय गेलं ते डोळ्यांनी पाहिलं, की दुकानात काय आलं यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.