जळालेल्या काजूगराचा भार चांगल्या मालावर कशाला?

नेसरीहून आजरा आणि चंदगड दूर नाहीत. त्या पट्ट्यात काजू पिकतो आणि बी फोडून गर काढण्याचे छोटे कारखानेही चालतात. बी घेऊन गर विकणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचा महिनाअखेरीचा हिशेब मात्र एकाच भागाकाराचा असतो: एकूण खर्च भागिले हाती आलेले किलो. या भागाकारात दोन चुका दडलेल्या असतात, आणि त्यांच्यामुळे मालाचा भाव चुकतो.

समजा, एका कारखान्यात महिनाभरात फोडलेला, सालीसकट ओला गर १००० किलो बोरम्यात वाळवण्यासाठी घेतला. किलोला ५४० रुपये धरले तर मालाची किंमत ५,४०,००० रुपये. वाळवणी, सोलणी, जळण आणि देखरेख यांवर ४८,६०० रुपये खर्च झाले. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून असे घेतले आहेत. महिनाअखेर सोललेला चांगला गर ६७० किलो भरला आणि २०० किलोचा लॉट अजून कामात होता. आता ५,८८,६०० ला ६७० ने भागले तर दर ८७८ रुपयांच्या वर जातो. हा दर सांगितला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाईल.

पहिली चूक म्हणजे अर्धवट माल विसरणे. ओलावा आणि साल मिळून या कारखान्यात नेहमी १० टक्के वजन घटते, म्हणून कामातल्या २०० किलोतून शेवटी १८० किलोच गर मिळेल. त्यात माल पूर्ण पडला आहे, पण मजुरी व जळण निम्मेच लागले आहे. म्हणून मालाच्या दृष्टीने तो १८० किलो आणि मजुरीच्या दृष्टीने ९० किलो तयार गराइतका धरायचा. यालाच समतुल्य एकक म्हणतात. निम्मे काम झाले हा अंदाज असतो. तो दर महिन्याला एकाच पद्धतीने करावा, नाहीतर नफा या महिन्यातून त्या महिन्यात सरकतो.

दुसरी चूक घटीची. काम पुरे झालेल्या ८०० किलोतून नेहमीची ८० किलो घट वजा जाता ७२० किलो गर यायला हवा होता. आला ६७०. मधले ५० किलो गेले कुठे? एका रात्री बोरम्याची आच वाढली, कोणी पाहिले नाही आणि गर करपला. सोलून झाल्यावर निवडताना तो बाजूला पडला.

ओलावा आणि साल गेल्याशिवाय एक किलोही चांगला गर मिळत नाही. म्हणून सामान्य घटीला वेगळी किंमत नसते. तिचा भार चांगला गरच उचलतो. साल विकून काही मिळाले तर ते एकूण खर्चातून वजा करावे. करपलेल्या गराचे तसे नाही. तो चांगल्या गराइतकाच माल आणि मजुरी खाऊन गेला, म्हणून त्याची किंमतही चांगल्या गराच्याच दराने धरायची आणि वेगळ्या खात्यात टाकायची.

आता मांडणी पाहा. मालासाठी ६७०, ५० आणि १८० मिळून ९०० किलो. ५,४०,००० ला ९०० ने भागले की ६०० रुपये. मजुरीसाठी ६७०, ५० आणि ९० मिळून ८१० किलो. ४८,६०० ला ८१० ने भागले की ६० रुपये. तयार गराचा खरा दर किलोला ६६०. चांगला माल ४,४२,२०० चा, करपलेला ३३,००० चा आणि कामातला १,१३,४०० चा. बेरीज बरोबर ५,८८,६०० येते.

करपलेले ५० किलो गाळून भागाकार केला असता तर हाच दर ६९९ च्या पुढे गेला असता. बाजारात ६८० ला मागणी असताना आपण तोटा समजून सौदा सोडला असता, आणि त्या रात्रीचा निष्काळजीपणा मात्र कुणाच्या नजरेस आला नसता. करपलेला गर २०० रुपये किलोने गेला तर १०,००० परत येतात. उरलेले २३,००० नफा-तोटा खात्याला जातात. भागीदारांपुढे तो आकडा उघडा राहतो.

हे सारे ज्या १० टक्क्यांवर उभे आहे, ते महिना संपल्यावर ठरवू नयेत. बी ओली की सुकी यावर घट बदलते. म्हणून प्रत्येक लॉटचे आत जातानाचे व बाहेर येतानाचे वजन वहीत लिहावे आणि चांगल्या चाललेल्या लॉटांवरून प्रमाण आधीच ठरवावे. नाहीतर दर चुकीला ‘नेहमीची घट’ म्हणण्याची सवय लागते, आणि ती सवय करपलेल्या गराहून महाग पडते.