मासे तळल्यावर घरात राहणारा वास

मासे तळल्यावर छोट्या फ्लॅटमध्ये जो वास दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो, तो एकच वास नसतो. त्यात माशाचा वास असतो आणि तळणीच्या तेलाचाही. दोन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे बिनवासाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तो ओळखीचा वास सुटतो. हे द्रव्य अल्कधर्मी असून सहज हवेत उडते. आंबट पदार्थ लागला की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही, म्हणजेच वास थांबतो. माशांना लिंबू, चिंच किंवा कोकमाचे आगळ लावल्याने चवीबरोबर हेही काम होते. खाण्याचा सोडा स्वतःच अल्कधर्मी असल्याने या वासावर उपयोगी पडत नाही.

तेलाची गोष्ट निराळी. तळताना तेलाचे अतिशय बारीक थेंब वाफेबरोबर उडतात आणि टाइल्स, कपाटांचे माथे, पंख्याची पाती, पडदे यांवर बसतात. हवा लागून हा ओशट थर पुढे कित्येक दिवस खवट होत राहतो. त्यावर लिंबू चोळून फायदा नाही. तो साबणानेच निघतो.

समजा, वन रूम किचनमध्ये चार बांगडे तळायचे आहेत. साफ करताना निघालेले कल्ले आणि आतडी लगेच कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाकावीत. कचऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर तोवर ती पिशवी फ्रीझरमध्ये ठेवावी. गोठल्यावर ती कुजत नाही. बांगड्यांना हळद, मीठ आणि आगळ लावून पंधरा मिनिटे ठेवावे. तव्यात सोडण्यापूर्वी सुटलेले पाणी निथळून घ्यावे, कारण ओल्या माशामुळे तेल जास्त उडते.

एक्झॉस्ट पंखा तळायच्या पाच मिनिटे आधी लावावा. तो जितकी हवा बाहेर टाकतो, तितकी हवा कुठून तरी आत यावी लागते. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी असेल, तर तो तिथली हवा ओढून पुन्हा बाहेर टाकतो आणि तव्यावरची वाफ घरातच फिरते. म्हणून ती खिडकी बंद करून हॉलची लांबची खिडकी वीतभर उघडावी. हॉलमधला छताचा पंखा बंद ठेवावा. स्वयंपाकघराच्या दारात उदबत्ती धरली, तर तिचा धूर हॉलकडून आत वळायला हवा. उलट येत असेल, तर वास घरभर पसरणार हे नक्की. तेलातून धूर निघू देऊ नये. तळण संपल्यावरही पंखा वीस मिनिटे चालू ठेवावा.

तव्यातले उरलेले तेल मोरीत ओतू नये; कागदाने टिपून घ्यावे. भांडी आधी थंड पाण्याने विसळावीत, कारण गरम पाण्याने माशातली प्रथिने भांड्याला घट्ट चिकटतात. मग चिंचेचा कोळ किंवा लिंबाची फोड चोळून, शेवटी साबण आणि कोमट पाण्याने घासावीत. तासाभराच्या आत शेगडी, तिची बटणे आणि मागच्या टाइल्स साबणाच्या गरम पाण्याने पुसाव्यात. त्यानंतर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घेऊन फडके फिरवावे. संगमरवरावर मात्र व्हिनेगर वापरू नये, त्यावर डाग पडतात. व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एवढे करूनही वास येत असेल, तर तो शोधावा लागतो. घरात बसलेल्या माणसाचे नाक त्या वासाला सरावते, म्हणून पंधरा मिनिटे बाहेर जाऊन परत आल्यावर अंदाज घ्यावा. पांढरे ओलसर फडके साबण लावून पंख्याच्या पात्यावर आणि कपाटाच्या माथ्यावर फिरवावे. ते पिवळे, चिकट झाले, तर खवट तेल तिथे आहे. स्वयंपाकघराजवळचे पडदे आणि सोफ्याची कव्हरेही धुवून उन्हात वाळवावीत. चिमणीची जाळी गरम पाणी व साबणाने दर महिन्याला धुवावी. हवा बाहेर न सोडणाऱ्या चिमणीत वास शोषण्यासाठी कोळशाचा फिल्टर असतो; तो सहसा धुवून पुन्हा वापरता येत नाही, ठरावीक काळाने बदलावाच लागतो.

उदबत्ती, कापूर किंवा रूम फ्रेशनर यांनी वास जात नाही, त्यावर दुसरा वास चढतो इतकेच. हवेतल्या वासाला वारा, माशाच्या वासाला आंबट आणि तेलाच्या थराला साबण, असे ज्याचे त्याला दिले की बांगडे तळलेले घर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ असते.