एक स्पॅनिश, तीन गाड्या

आल्फोन्सो कुआरोन या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘रोमा’ हा चित्रपट २०१८ च्या अखेरीस स्पेनमध्ये दाखवला गेला, तेव्हा त्यातल्या स्पॅनिश संवादांखाली स्पॅनिशच उपशीर्षकं होती. पात्र आईला ‘मामा’ म्हणायचं, खाली ‘मादरे’ उमटायचं. मेक्सिकोत ‘गान्सितो’ नावाचा चॉकलेटचा थर दिलेला छोटा केक मिळतो. उपशीर्षकात त्याचे ‘गांचितोस’, म्हणजे स्पेनमधले चीजच्या चवीचे कुरकुरे झाले होते. हा स्पॅनिश प्रेक्षकांचाच अपमान आहे, असं कुआरोन यांनी जानेवारी २०१९ मध्ये जाहीरपणे सुनावलं आणि नेटफ्लिक्सने ती उपशीर्षकं काढून घेतली.

स्पेनच्या लोकांना मेक्सिकोची स्पॅनिश कळते, यात शंका नाही. पाणी, भाकर, घर, हात, आई-बाप या जुन्या गोष्टींचे शब्द अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर सारखेच आहेत. अमेरिका खंडातल्या बहुतेक वसाहती १८१० ते १८२५ या काळात स्पेनपासून सुटल्या. त्यानंतर जी यंत्रं आली, त्यांना नाव देताना कोणी कोणाला विचारलं नाही. म्हणून फरक सगळ्यात ठळक दिसतो तो रस्त्यावर आणि टेबलावरच्या यंत्रांत.

मोटारीचंच बघू. माद्रिदमध्ये ती ‘कोचे’. हा शब्द हंगेरीतल्या कोच या गावावरून आला. तिथल्या घोडागाड्या सोळाव्या शतकात युरोपभर नावाजल्या होत्या. पुढे घोडे गेले, इंजिन आलं आणि नाव तेच राहिलं. आपण बैलाच्या आणि पेट्रोलच्या दोन्ही वाहनांना ‘गाडी’ म्हणतो, तसंच. कोलंबिया, व्हेनेझुएला, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवर मोटारीला ‘कार्रो’ म्हणतात. इंग्रजी ‘कार’ची ही नक्कल वाटते, पण ‘कार्रो’ हा लॅटिनमधून उतरलेला जुना स्पॅनिश शब्द आहे आणि इंग्रजी ‘कार’ त्याच मुळाची. स्पेनमध्ये ‘कार्रो’ म्हटलं तर अजूनही डोळ्यांसमोर जनावर जुंपलेला छकडा येतो. आर्जेन्टिना, उरुग्वे आणि चिलीत ‘आउतोमोविल’ या लांबलचक शब्दाचा शेंडा तेवढा उरला, ‘आउतो’. मेक्सिकोत तिन्ही शब्द कानावर पडतात. शेजारच्या ग्वातेमालात मात्र ‘कोचे’ म्हणजे डुक्कर.

म्हणजे ‘अमेरिकेतली स्पॅनिश’ अशी एकसंध वस्तू नाही. अमेरिका खंड विरुद्ध स्पेन अशी सरळ रेघ मारता येते ती मुख्यतः विसाव्या शतकातल्या उपकरणांपाशी. मोबाईल फोन स्पेनमध्ये ‘मोविल’, तर अमेरिका खंडात बहुतेक सगळीकडे ‘सेलुलार’. स्पेनच्या नावात फोन सोबत फिरतो ही गोष्ट आहे. दुसऱ्या नावात तंत्र आहे: शहराचे छोटे छोटे कप्पे पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळा अँटेना द्यायचा. त्या कप्प्याला ‘सेल’ म्हणतात. संयुक्त संस्थानांत हेच नाव रुळलं होतं आणि दक्षिणेकडच्या देशांनी ते उचललं. स्पेनने युरोपातल्या शेजाऱ्यांसारखं ‘फिरता’ हे नाव पत्करलं.

संगणकाची कथा याहून स्पष्ट आहे. मेक्सिको आणि आर्जेन्टिनात तो ‘कोम्पुतादोरा’, चिली आणि कोलंबियात पुल्लिंगी ‘कोम्पुतादोर’. दोन्ही इंग्रजीच्या मार्गाने आले. स्पेनमध्ये मात्र तो ‘ओर्देनादोर’, आणि त्याचं माहेर पॅरिस. १९५५ मध्ये आयबीएमच्या फ्रेंच शाखेला नव्या यंत्रासाठी फ्रेंच नाव हवं होतं. त्यांनी सॉरबोनमधले लॅटिनचे प्राध्यापक झाक पेरे यांना विचारलं. पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ सुचवलं. जगाची व्यवस्था लावणारा ईश्वर या अर्थाचं विशेषण फ्रेंच कोशात पडून होतं, ते त्यांनी पुढे आणलं. फ्रान्समध्ये ते रुजलं आणि पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्येही आलं. अटलांटिक काही त्याला ओलांडता आला नाही.

फळाच्या रसाच्या बाबतीत यंत्राचा संबंध नाही, आणि तरीही शब्द वेगळे आहेत. स्पेनमध्ये संत्र्याचा रस मागायचा तर ‘थुमो’, मेक्सिकोत किंवा पेरूत ‘हुगो’. गंमत अशी की दोन्ही शब्द जुन्या स्पॅनिशमध्ये होतेच. स्पेनने त्यांच्यात कामं वाटून दिली: फळ पिळून निघतो तो ‘थुमो’, तर मांस शिजताना सुटतो किंवा जठरात पाझरतो तो ‘हुगो’. अमेरिका खंडात ‘हुगो’नेच दोन्ही कामं सांभाळली आणि ‘थुमो’ पुस्तकी ठरला. त्याचा उच्चारही बदलतो, कारण तिकडे ‘थ’च्या जागी ‘स’ येतो. माद्रिदचा पाहुणा बोगोटात ‘थुमो’ मागेल तर त्याला रस मिळेल, पण तो कुठला हे वेटरला लगेच समजेल.

त्या रसात घालायची नळी मागताना अधिक जपावं लागतं. स्पेनमध्ये ती ‘पाहिता’, म्हणजे छोटी काडी. मेक्सिकोत ‘पोपोते’, आणि हा शब्द तिथल्या नाव्हात्ल भाषेचा. कोलंबियात ‘पितियो’, पण स्पेनमध्ये ‘पितियो’ म्हणजे सिगारेट. चिलीत ‘बोम्बिया’, तर स्पेनमध्ये बोम्बिया म्हणजे विजेचा दिवा. इथे नुसता अनोळखी शब्द असता तर बरं झालं असतं, कारण तो कळला नाही तर माणूस विचारतो. ओळखीचा शब्द दुसऱ्याच अर्थाने आला तर विचारायचं सुचतच नाही. सगळ्यात मोठा खड्डा ‘कोहेर’ या क्रियापदात आहे. स्पेनमध्ये त्याचा अर्थ घेणे, पकडणे. बस पकडायची तरी ‘कोहेर’. मेक्सिको आणि आर्जेन्टिनात तो शब्द संभोगासाठी आहे, आणि तोही असभ्य. तिथे ‘तोमार’ म्हणतात.

या सगळ्यात खरा शब्द कोणता? स्पॅनिश अकादमी १७१३ पासून माद्रिदमध्ये आहे, आणि तिच्या कोशात बराच काळ अमेरिका खंडातल्या शब्दांवर त्या त्या देशाचं लेबल लागायचं. स्पेनचा शब्द मात्र लेबलाशिवाय, जणू तोच मूळ आणि बाकीचे पोटभेद. आता अकादमी इतर देशांच्या अकादम्यांबरोबर काम करते, आणि तिच्या कोशात ‘ओर्देनादोर’पुढेही ‘स्पेन’ अशी खूण असते. आकडेही त्याच बाजूने बोलतात. स्पॅनिश मातृभाषा असलेले सुमारे पन्नास कोटी लोक, त्यांत स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आणि एकट्या मेक्सिकोची तेरा कोटींच्या आसपास.

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्याला यातून एक साधा नियम काढता येतो. पुस्तक स्पेनमध्ये छापलेलं असेल आणि काम मेक्सिकोतल्या ग्राहकाशी असेल, तर व्याकरणाचा मोठा भाग पुस्तकातला चालेल. पण मोटार, फोन, संगणक, रस आणि ‘घेणे’ हे पाच शब्द त्या देशाच्या माणसाकडून आधी विचारून घ्यावेत. पहिल्या चारांत चुकलं तर समोरचा समजून घेईल. पाचव्यात चुकलं तर तो हसू दाबत बसेल.