पसरीच्या शेंगा आणि दहावा दिवस

उगवणशक्ती तपासणीत भुईमुगाचा निकाल दहाव्या दिवशी लावतात. पाचव्या दिवशी पहिली मोजणी होते आणि त्यानंतर आणखी पाच दिवस थांबावे लागते. कृषी महाविद्यालयात नव्यानेच आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत पाचव्या दिवशीचा आकडा होता 3 आणि दहाव्या दिवशीचा 9. दाणे शंभर होते. तिच्याच टेबलावर मैत्रिणीने लावलेल्या दाण्यांपैकी 88 उगवले होते.

बियाणे तिने घरून, कराडकडच्या गावाहून आणले होते. नोव्हेंबरच्या मध्यावर काढणी झालेल्या शेंगांतले सगळ्यांत भरदार दाणे वडिलांनी हाताने निवडून दिले होते. पहिल्या प्रक्षेत्र प्रात्यक्षिकासाठी सरांनी सांगितले होते, की प्रत्येकाने एका पिकाचे बी आणायचे, प्रयोगशाळेत त्याची उगवण बघायची आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या शेतावर त्याच्या दोन ओळी टोकायच्या. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. कागदावर उगवलेले आणि मातीत उगवलेले यांच्यात किती फरक पडतो, हे मुलांनी स्वतः मोजावे, एवढाच प्रात्यक्षिकाचा हेतू होता.

कामात तिने कसूर केली नव्हती. शेंगा हलक्या हाताने फोडल्या. भुईमुगाचे साल पातळ असते, ते फाटले किंवा दाणा दुभंगला, की बुरशी आधी तिथे शिरते. दाण्यांना किलोला तीन ग्रॅम या प्रमाणात थायरम चोळले. उगवणीचा जाड कागद भिजवला आणि पाणी ठिबकणार नाही एवढा निथळून घेतला, कारण फार ओल्या कागदात दाण्याला हवा मिळत नाही. त्यावर दाणे एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडले आणि 25 दाण्यांच्या चार गुंडाळ्या करून 25 अंश तापमानाच्या उगवणकक्षात उभ्या ठेवल्या. मैत्रिणीच्या गुंडाळ्या शेजारीच होत्या. कागद, पाणी आणि तापमान दोघींचे एकच. तेव्हा दोष तिच्या हाताचा नव्हता, थंडीचाही नव्हता. जो काही फरक होता, तो बियाण्यात होता.

तिने वहीत ‘मृत दाणे : 91’ असे लिहिले आणि गुंडाळ्या टाकायला निघाली. सरांनी त्या परत टेबलावर ठेवायला सांगितल्या.

“मेलेत हे कशावरून ठरवलंस?”

“सर, दहा दिवस झाले. उगवले नाहीत.”

“उगवले नाहीत हे तू पाहिलंस. मेलेत हे नाही पाहिलंस. दाबून बघ.”

पुढचा अर्धा तास चिमट्याने एकेक दाणा दाबून बघण्यात गेला. मेलेला दाणा चिमट्याखाली लगेच दबतो. आतला गर करडा, पिळपिळीत झालेला असतो, बहुधा काळी बुरशी चढलेली असते आणि नाकाजवळ नेला तर खवट तेलाचा वास येतो. तिच्या 91 दाण्यांत असे सात निघाले. उरलेले 84 पाणी पिऊन टम्म फुगलेले, दाबले तरी घट्ट होते. एक उभा चिरला तर डाळिंब्या पांढऱ्याशुभ्र आणि त्यांच्यामध्ये दडलेला इवलासा अंकुरही तसाच ताजा. बियाणे तपासणीच्या अहवालात अशा दाण्यांना स्वतंत्र रकाना असतो. त्यांना मृत म्हणत नाहीत, ‘ताजे न उगवलेले’ म्हणून मोजतात. तो रकाना तिच्या छापील तक्त्यात होताच, ती तिथे शून्य लिहून पुढे गेली होती.

रात्री तिने घरी फोन केला.

“आण्णा, आपलं बी उगवंना झालंय. मैत्रिणीचं सगळं उगवलं.”

“तिचं बी कुठलं?”

“उपटी भुईमूग. सप्टेंबरात काढलेला.”

“मग उगवणारच की! आपली पसरी हाय पोरी. काढल्या काढल्या पसरीचं बी कोण लावतंय? ते पोत्यात ऱ्हातं, मिरगाला भाईर निघतं.”

आण्णांना जे रोजचे वाटत होते, ते प्रयोगशाळेत अडले होते. भुईमुगाचे ढोबळ मानाने दोन प्रकार आपल्याकडे ओळखले जातात. उपटी झाड उभे वाढते, शेंगा बुडाशी झुबक्याने लागतात आणि पीक साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत निघते. पसरी आणि निमपसरी जमिनीवर पसरतात आणि काढणीला महिनाभर जास्त घेतात. उपटीचा दाणा पक्व झाला, की ओल मिळताच उगवायला तयार असतो. पसरीचा दाणा पक्व झाल्यावरही कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने, पाणी आणि ऊब मिळूनही अंकुर बाहेर काढत नाही. यालाच बियाण्याची सुप्तावस्था म्हणतात. शेतकऱ्याला ती सहसा दिसत नाही, कारण नोव्हेंबरात काढलेली पसरी पुढच्या जूनपर्यंत शेंगेतच साठवलेली असते आणि पेरणीच्या वेळेपर्यंत सुप्तावस्था केव्हाच संपलेली असते.

हा गुण झाडाच्या फार कामाचा आहे. भुईमुगाच्या शेंगा मातीत पोसतात, म्हणजे पक्व दाणा ओलीच्या शेजारीच असतो. उपटी भुईमूग काढणीला आला असताना परतीचा पाऊस चार दिवस लागून राहिला, तर शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात. असा माल ना तेलाच्या कामाचा, ना बियाण्याच्या. ज्यांनी हे नुकसान सोसले आहे त्यांना पसरीच्या उशिराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

शेतावरच्या दोन ओळी मात्र वर्गातल्या सगळ्यांना दिसत होत्या. पंधरवड्यात मैत्रिणीच्या ओळी हिरव्या झाल्या, हिच्या ओळींत तीनच रोपे होती. तिला वाटले ओल कमी पडते, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालू लागली. दोन ठिकाणी माती उकरून दाणाही पाहिला. सरांनी दोन्ही बंद करायला सांगितले. सुप्त दाण्याला पाण्याची कमतरता नसते, पाणी त्याने पहिल्याच दिवशी पिऊन घेतलेले असते. त्यावर आणखी ओतलेले पाणी मातीतली हवा बाहेर काढते आणि जिवंत दाणाही कुजतो. शिवाय सुप्तावस्था कोरड्या, उबदार साठवणीत लवकर ओसरते, थंड ओल्या मातीत ती रेंगाळते. म्हणजे ओळीत टोकलेल्या दाण्यांपेक्षा खोलीवर पिशवीत पडून असलेल्या शेंगाच आधी तयार होणार होत्या. करायचे होते ते एवढेच: ओळींना गरजेपुरते पाणी, दर चार दिवसांनी रोपांची मोजणी आणि पिशवीतल्या शेंगांची ठरावीक अंतराने पुन्हा तपासणी. माझ्या मते त्या सत्रातला खरा प्रयोग इथून सुरू झाला. पहिल्या वेळी तिने फक्त उत्तराची वाट पाहिली होती. आता रिकाम्या ओळीसमोर उभे राहून तिला शून्य, शून्य, एक, शून्य असे आकडे तारखेसह लिहायचे होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने पिशवीतले दुसरे शंभर दाणे लावले. या वेळी सरांनी एक गोष्ट जास्तीची करायला सांगितली. दोन दाण्यांच्याच शेंगा घ्यायच्या आणि फोडताना देठाकडचा दाणा वेगळा, चोचीकडचा वेगळा ठेवायचा. त्यांच्या प्रत्येकी दोन गुंडाळ्या झाल्या. दहाव्या दिवशी चोचीकडच्या 50 पैकी 31 दाणे उगवले, देठाकडच्या 50 पैकी 16. एकाच शेंगेतली ही दोन भावंडे वेगवेगळ्या वेळी जागी होतात, कारण देठाकडच्या दाण्याची सुप्तावस्था अधिक खोल असते. शेतातल्या ओळी एकदम न उगवता तुरळक का उगवत होत्या, याचे अर्धे उत्तर तिला इथे मिळाले.

दुसरे अर्धे उत्तर इथिलीन या वायूत होते. केळी पिकवताना कामाला येतो तोच हा वायू. उगवणारा भुईमुगाचा दाणा स्वतः इथिलीन तयार करतो. सुप्त दाण्यात ते फारच कमी तयार होते आणि बाहेरून पुरवले, तर दाणा उगवू लागतो. फळबागेत वापरले जाणारे इथ्रेल हे औषध वनस्पतीच्या पेशीत गेल्यावर हाच वायू सोडते. सरांनी इथ्रेलचे अगदी पातळ द्रावण करून त्यात कागद भिजवायला लावला आणि त्याच पिशवीतले पंचवीस दाणे त्यावर ठेवले. त्यातले 23 उगवले. पिशवीतले बियाणे जिवंत आहे, याचा हा पुरावा होता. इथ्रेल डिसेंबरातच कपाटात होते. तेव्हा ते दिले असते तर निकाल दहा दिवसांत लागला असता आणि सुप्तावस्था उतरते कशी, हे तिला कधीच दिसले नसते. शिक्षकाने ती बाटली महिनाभर कपाटात राहू दिली, हे मला फार योग्य वाटते.

जानेवारीअखेर, उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीच्या सुमारास, तिसरी तपासणी झाली. चोचीकडचे 46, देठाकडचे 41, एकूण 87. प्रमाणित बियाण्यासाठी भुईमुगाची किमान उगवण 70 टक्के लागते. डिसेंबरात 9 टक्क्यांवर नापास झालेले बियाणे काहीही न करता, नुसते कोरडे ठेवल्याने, दोन महिन्यांत त्या अटीच्या वर गेले होते.

न उगवणारा प्रत्येक दाणा सुप्तच असतो, असे मात्र नाही. भुईमुगात तेल जास्त, त्यामुळे फोडून ठेवलेले किंवा दमट जागी साठवलेले बी झपाट्याने मरते. म्हणून एका तपासणीवर थांबू नये. आधी चिमट्याने दाबून पाहावे, मग तीन-चार आठवड्यांनी त्याच पोत्यातले दाणे पुन्हा लावावेत. सुप्त बियाण्याचा आकडा दर खेपेला चढतो, मरणाऱ्या बियाण्याचा उतरत जातो.

शेतातल्या दोन ओळींचे शेवटी फार काही झाले नाही. टोकलेल्या साठ दाण्यांपैकी फेब्रुवारीपर्यंत 34 रोपे वर आली, काही वीतभर, काही दोन पानांची. उरलेल्या जागा उकरल्या तेव्हा बहुतेक दाणे कुजलेले निघाले आणि त्यातला काही दोष सुरुवातीच्या झारीचा होता, हे तिने अहवालात लिहिले. पुढे-मागे उगवलेली अशी झाडे काढणीलाही पुढे-मागे येतात. काही शेंगा पक्व आणि काही कोवळ्या असताना सगळे एकदम उपटावे लागते. पेरणीत इतकी रेंगाळणारी सुप्तावस्था म्हणूनच परवडत नाही.

पैदासकारांनी मधली वाट शोधली आहे ती यासाठी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेला टीजी-26 हा उपटी वाण घ्या. त्याच्या ताज्या दाण्यात सुमारे वीस दिवसांची सुप्तावस्था आहे. काढणीच्या वेळी आलेला पाऊस निभावायला ती पुरते आणि खरिपाचे बी उन्हाळी हंगामात पेरायचे म्हटले, तरी आड येत नाही. दुसऱ्या सत्रासाठी तिने हेच बियाणे मागून घेतले आहे. काढणीच्या दिवसापासून दर पाच दिवसांनी शंभर दाणे लावायचे आणि वीस दिवसांचा आकडा आपल्या शेतावर खरा ठरतो का, ते पाहायचे, असा तिचा बेत आहे.