पडद्यावरचा दूरध्वनी क्रमांक

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावाने तेथील नागरिकांना धमकावून पैसे उकळण्याचा मोठा उद्योग उघडकीस आला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. या वेळी मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन या कंपन्यांनीही तक्रारी केल्या होत्या, कारण त्यांच्याच नावाने संगणकदुरुस्तीचे सोंग आणून परदेशी ग्राहकांना लुबाडले जात होते. अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२३ या एका वर्षात या प्रकारच्या फसवणुकीच्या ३७ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि बुडालेली रक्कम ९२ कोटी डॉलरांच्या वर गेली. म्हणजे दर तक्रारीमागे सरासरी सुमारे साडेचोवीस हजार डॉलर!

हे सारे परदेशी लोकांचे दुखणे आहे, असे समजून आपण स्वस्थ बसावे काय? मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत भारतातील ६९ टक्के ग्राहकांनी असल्या प्रयत्नाचा अनुभव आल्याचे सांगितले होते. ज्या धंद्याचे कारागीर आपल्याच देशात तयार झाले, त्याला आपलीच बाजारपेठ वर्ज्य असण्याचे कारण नाही. तेव्हा हा धंदा चालतो कसा, हे नीट समजून घेणे इष्ट ठरेल.

समजा, कणकवलीतील एक निवृत्त शिक्षक घरच्या संगणकावर सातबाऱ्याचा उतारा शोधत आहेत. संकेतस्थळाचे नाव टंकताना एक अक्षर चुकते, किंवा शोधात वर आलेल्या जाहिरातीवर बोट पडते. एकाएकी सारा पडदा व्यापून निळे-तांबडे पान उभे राहते, भोंगा वाजू लागतो आणि एक आवाज बजावतो की, आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, बँकेची माहिती चोरीस जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर दूरध्वनी करा. गुरुजी माउस हलवतात, पण बाण जागचा हालत नाही. खाली त्यांच्या जोडणीचा क्रमांक आणि गावाचे नावही छापलेले असते. एवढे पाहिल्यावर कोणाचीही छाती धडधडेल.

वस्तुतः या देखाव्यात विषाणूचा लवलेशही नाही. ब्राउझरमधील पान हे पानच असते, संगणकाच्या पोटात शिरून तपासणी करण्याची मुभा त्याला नसते. जोडणीचा क्रमांक आणि ब्राउझरची जात ही माहिती आपण उघडलेल्या प्रत्येक पानाला मिळतेच. गाव हे त्या क्रमांकावरून बांधलेला अंदाज असतो, म्हणून कणकवलीच्या माणसाला तेथे मुंबई किंवा पुणे दिसण्याचाही संभव असतो. न हलणारा बाण हे पानावर काढलेले चित्र, आणि खरा बाण पानानेच लपवलेला. भोंगा म्हणजे त्या पानाने वाजवलेली ध्वनिफीत.

मग भामट्याला दूरध्वनीची गरज का पडावी? येथे अर्थशास्त्र उपयोगी पडते. असे पान लाखो लोकांपुढे टाकण्यास दरडोई जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो खुर्चीत बसून तासन् तास बोलणाऱ्या माणसाचा. हा महागडा वेळ शंकेखोर माणसावर खर्च झाला तर धंदा बुडेल. म्हणून प्रारंभीचा सापळा मुद्दाम भडक ठेवणे त्याला परवडते. ज्यांना तो भडकपणा खटकतो ते आपणहून गळतात, आणि ज्यांनी विश्वास ठेवला तेवढेच क्रमांक फिरवतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये नायजेरियन पत्रांच्या फसवणुकीबाबत असाच युक्तिवाद मांडला होता. तात्पर्य, दूरध्वनी करणारा माणूस स्वतःच्या निवडीवर स्वतःच शिक्का मारतो.

यातूनच खऱ्याखोट्याची सोपी कसोटी हाती येते. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे की, तिच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. विषाणूरोधक आज्ञावलीचा खरा इशारा तिच्या स्वतःच्या चौकटीत येतो, ब्राउझरच्या पानात नव्हे. पडद्यावर क्रमांक दिसला की निदान झाले असे समजावे.

उपाय पान बंद करण्याचा. प्रथम Esc ही कळ दोन-तीन सेकंद दाबून धरावी, म्हणजे पूर्ण पडदा व्यापलेले पान सहसा आकसते आणि ते बंद करता येते. तसे न झाल्यास Alt+F4 दाबावे. तेही निष्फळ ठरले तर Ctrl+Alt+Delete दाबून Task Manager निवडावे आणि ब्राउझरवर End task करावे. कळांची ही जोडी थेट विंडोजकडे जाते, कोणत्याही पानाला ती अडवता येत नाही. अखेरचा मार्ग म्हणजे विजेचे बटण दाबून धरणे. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर आधीची पाने परत आणू का, असे तो विचारील. तेव्हा नकार द्यावा, नाहीतर तेच पान पुन्हा उभे राहील. मनाची खात्री हवी असल्यास विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा आज्ञावलीने तपासणी करावी. नंतरही कोपऱ्यात असल्याच सूचना उमटत राहिल्या, तर पूर्वी कधीतरी एखाद्या स्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेली आहे असे समजावे, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाकावी. मात्र त्या पानावरून काही उतरवून घेऊन चालवले असेल, तर नुसते पान बंद करणे पुरेसे नाही. तेथे जाणकाराला संगणक दाखवावा.

आणि दूरध्वनी केलाच असेल तर? पलीकडचा गोड आवाज AnyDesk किंवा TeamViewer यांसारखी आज्ञावली बसवण्यास सांगतो. या आज्ञावल्या स्वतः प्रामाणिक आहेत, पण त्यांच्याद्वारे संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती जातो. मग तो Event Viewer उघडून तांबड्या-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो आणि हे सारे विषाणू असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात अशा नोंदी निरोगी संगणकातही शेकड्यांनी असतात. भय असे पक्के झाले की दुरुस्तीचे शुल्क मागितले जाते, आणि ते भरण्यासाठी बँकेचे पान त्याच्याच डोळ्यांदेखत उघडले जाते.

या टप्प्यावर भान आले तर सर्वांत आधी इंटरनेटची जोडणी तोडावी. दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे संकेतशब्द बदलावेत, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेस कळवावे, १९३० या राष्ट्रीय साहाय्यवाणीवर तक्रार द्यावी आणि cybercrime.gov.in वर ती नोंदवावी. बसवलेली आज्ञावली काढून टाकणे हे त्यानंतरचे काम. येथे लाजेपोटी केलेला विलंब फार महाग पडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यामागील तत्त्व सांगितले आहे. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेस कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे बँकेला किती वाजता कळवले ही नोंदच नुकसानीची वाटणी ठरवते. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवण्यास विसरू नये.

संगणकाला खरोखर काही झाले असेल, तर तो बाजारपेठेतील ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे उद्या नेला तरी चालतो. आत्ता, याच क्षणी, असा हट्ट फक्त भामट्याचाच असतो, कारण गुरुजींनी शेजारच्या कोणाला हाक मारून विचारले, की त्याचा व्यवहार तेथेच संपतो.