वीस टक्के भरलेला ठोकळा वीस टक्के वजनाचा का नसतो?

थ्रीडी प्रिंट करून देणाऱ्यांकडे नेहमी येणारा एक हिशेब असा असतो : 'माझ्या मॉडेलचं आकारमान इतकं, प्लास्टिकची घनता इतकी, इनफिल वीस टक्के ठेवा, म्हणजे भरीव वस्तूच्या एक पंचमांश वजन होईल आणि पैसेही तेवढेच.' गुणाकार बरोबर असतो, पण उत्तर जवळजवळ कधीच बरोबर येत नाही. छोट्या वस्तूत तर ते दुपटीहून जास्त चुकतं. कारण ते वीस टक्के अख्ख्या वस्तूचे नसतात, फक्त तिच्या पोटाचे असतात.

आपल्याकडे घरोघरी आणि कॉलेजांमध्ये दिसणारे प्रिंटर बहुतेक एकाच जातीचे असतात. त्यांत प्लास्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, वितळवून बारीक तोंडाच्या नोझलमधून एकावर एक थर घालत वस्तू उभी केली जाते. प्रत्येक थरात यंत्र आधी बाहेरची भिंत काढतं : एका शेजारी एक अशा दोन-तीन सलग रेघा. मग आतल्या मोकळ्या जागेत जाळी विणतं. ती जाळी म्हणजे इनफिल. सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे काही थर मात्र जाळीचे नसतात, ते पूर्ण भरलेले असतात, नाहीतर वस्तूला वर-खाली भोकं दिसली असती. या बाजूच्या भिंती आणि वर-खालचे भरीव थर मिळून वस्तूचं कवच तयार होतं, आणि कवच शंभर टक्के प्लास्टिकचं असतं. इनफिलचा आकडा कितीही ठेवा, त्याला हात लागत नाही.

म्हणून वजन काढायची रीत अशी : कवचाचं आकारमान पूर्ण धरायचं, उरलेल्या पोटाचं आकारमान इनफिलच्या टक्क्याने कमी करायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि तिला घनतेने गुणायचं.

उदाहरणासाठी 20 मिलिमीटर बाजूचा साधा ठोकळा घेऊ. नवा प्रिंटर तपासताना बहुतेक जण हाच छापून बघतात, त्यामुळे पडताळा घेणंही सोपं. नोझल 0.4 मिलिमीटरचं आहे आणि भिंत तीन रेघांची आहे, म्हणजे जाडी 1.2 मिलिमीटर. थर 0.2 मिलिमीटरचा आणि वर-खाली सहा-सहा भरीव थर, म्हणजे तिथेही 1.2. ठोकळ्याचं पूर्ण आकारमान 8 घनसेंटिमीटर. कवच दोन्ही बाजूंनी जातं, म्हणून आतला ठोकळा उरला 17.6 मिलिमीटरचा आणि त्याचं आकारमान 5.45 घनसेंटिमीटर. वजाबाकी केली की कवच 2.55. पोटाचे वीस टक्के 1.09. एकूण प्लास्टिक 3.64 घनसेंटिमीटर. पीएलए या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकची घनता 1.24, म्हणून वजन साडेचार ग्रॅम. भरीव ठोकळा असता तर तो 9.9 ग्रॅमचा झाला असता. म्हणजे 'वीस टक्के'वाला ठोकळा प्रत्यक्षात भरीव ठोकळ्याच्या पंचेचाळीस टक्के भरतो.

आता हाच ठोकळा 100 मिलिमीटरचा करा, बाकी सगळं तसंच ठेवा. कवच 70 घनसेंटिमीटर, पोटातली जाळी 186, मिळून 256. भरीव ठोकळ्याच्या साधारण सव्वीस टक्के. इथे मात्र तो आकडा वीसच्या जवळ आला. करंजीचंही असंच असतं : पारीची जाडी तीच ठेवून करंजी लहान केली की सारणाला जागाच उरत नाही.

याचं टोक बघायचं तर चपटी वस्तू घ्या. 100 बाय 80 मिलिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची पट्टी. वरून 1.2 आणि खालून 1.2 कवचाचे गेले, मध्ये पोट उरलं 0.6 मिलिमीटर! वीस टक्के इनफिलला ही पट्टी सव्वापंचवीस ग्रॅमची होते. तेच इनफिल पन्नास टक्के केलं तर 27 ग्रॅमची. पट्टी हलकी व्हावी म्हणून इनफिलचा आकडा खालीवर करत बसणारे मी पाहिलेत. त्यांनी वर-खालचा एक-एक भरीव थर कमी केला असता तर फरक जास्त पडला असता. अर्थात थर फार कमी केले की वरचा पृष्ठभाग जाळीवर खचतो आणि खळगे दिसायला लागतात, हेही खरं.

मजबुतीच्या बाबतीतही हा हिशेब उपयोगी पडतो. आपल्या 20 मिलिमीटरच्या ठोकळ्याचं इनफिल वीसवरून चाळीस टक्के केलं, तर वजन साडेचारवरून 5.86 ग्रॅम होतं. आणि इनफिल वीसच ठेवून भिंत तीनऐवजी पाच रेघांची आणि वर-खाली दहा-दहा थर केले, तर? तेही 5.86 ग्रॅमच. प्लास्टिक तेवढंच गेलं, फक्त जागा बदलली. वाकवणारा ताण बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त असतो, म्हणून हुक, कंस, हँडल अशा वस्तूंत ते प्लास्टिक भिंतीत घातलेलं बरं. वरून दाब येणाऱ्या जाड वस्तूत मात्र पोटातल्या जाळीला काम असतं.

ठोकळ्याचं ठीक आहे, पण गणपतीच्या मूर्तीचं पोट कसं मोजायचं? तिथे अंदाजाला एक सोपी वाट आहे : पृष्ठफळ गुणिले कवचाची जाडी म्हणजे कवचाचं आकारमान. मॉडेल बनवायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठफळ आणि आकारमान दोन्ही दिसतात. या वाटेने उत्तर थोडं जास्त येतं, कारण कडा-कोपरे दोनदा मोजले जातात. आपल्याच छोट्या ठोकळ्याचं कवच 2.55ऐवजी 2.88 येतं. मूर्तीच्या बोटांसारखे बारीक भाग असले, की ते दोन्हीकडच्या भिंतींनीच भरून जातात. तिथे पोट नसतंच आणि ही वाट फारच फसते.

स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडून यंत्राला हुकूम देणारं सॉफ्टवेअर, हे सगळं रेघ न् रेघ मोजून सांगतं. पण त्यालाही वजन ठाऊक नसतं. त्याला कळते ती फिलामेंटची लांबी. 1.75 मिलिमीटर जाडीच्या पीएलएची साडेतेहतीस सेंटिमीटर तार म्हणजे एक ग्रॅम, असं गुणोत्तर लावून ते ग्रॅम दाखवतं. त्यामुळे फिलामेंट बदललं आणि घनता बदलली नाही, तर आकडा बिघडतो. एबीएसची घनता 1.04 आहे. आपला मोठा ठोकळा एबीएसमध्ये छापताना स्लायसरमध्ये पीएलए तसंच राहिलं, तर पडद्यावर 318 ग्रॅम दिसतील आणि काट्यावर 266 भरतील.

तार बारीक असली तरी असंच होतं. 1.75ऐवजी ती 1.70 निघाली, तर लांबी तेवढीच जाते, पण प्लास्टिक साडेपाच टक्क्यांनी कमी पडतं. भिंतीच्या रेघांमध्ये फटी दिसल्या आणि वस्तू अंदाजापेक्षा हलकी भरली, तर व्हर्नियर कॅलिपर घेऊन तार चार-पाच ठिकाणी मोजावी. वजन उलट बरंच जास्त आलं, तर आधी सपोर्ट बघावेत. अधांतरी भागांना टेकू म्हणून छापलेलं हे प्लास्टिक मॉडेलच्या आकारमानात कुठेच नसतं, पण रिळावरून जातंच. म्हणून वस्तू काट्यावर ठेवायच्या आधी सपोर्ट तोडून घ्यावेत, आणि किंमत लावताना मात्र ते तोडलेले तुकडेही काट्यावर ठेवावेत.