पावसाळ्यात कुठला शर्ट घालावा?

नंदेसरीत पावसाळ्यात उकाडा आणि दमटपणा एकत्रच येतात. अशा हवेत कापड किती ओल शोषतं, हे महत्त्वाचं. ६५ टक्के आर्द्रतेत २०० ग्रॅमचा कोरडा सुती शर्ट हवेतलं साधारण १७ ग्रॅम पाणी धरतो, लिननचा २४, तर पॉलिएस्टरचा एक ग्रॅमही नाही. म्हणून पॉलिएस्टरमध्ये घाम अंगावरच राहतो. पण भिजलं तर ते दोरीवर लवकर वाळतं. सुती कपडा अर्धवट ओला राहिला की कुबट वास येतो. मी ऑफिसला लिनन किंवा पातळ सुती घालतो, स्कूटरवर वरून पॉलिएस्टरचं जॅकेट. इथल्या केमिकल कारखान्यांत आगीजवळ मात्र पॉलिएस्टर नकोच. सुतीही पेटतं, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.